चार हॅलो, एक ‘कोणी आहे का’ आणि त्यांना दिलेली ओ

परीक्षेचे अर्ज स्वीकारणाऱ्या एका मदत-कक्षाची चॅटपेटी आहे असं धरू. प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे, पण अशा पेट्या सांभाळणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. संध्याकाळी ही नोंद दिसते:

७:४२ हॅलो
७:४२ (आपोआप) आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.
७:४४ हॅलो
७:४४ (आपोआप) आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद. आमचे प्रतिनिधी…
७:४९ हॅलो??
७:४९ (आपोआप) आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद…
७:५८ हॅलोऽ
७:५८ (आपोआप) आपल्या संदेशाबद्दल…
७:५९ कोणी आहे का
७:५९ (आपोआप) आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद…

‘कोणी आहे का’ या प्रश्नाला ‘धन्यवाद’ हे उत्तर गेलं आहे. ८:०१ला कक्षातली कर्मचारी ही खिडकी उघडते. समोर पाच मेसेज आहेत, पण कामाचा मजकूर एकातही नाही. अर्ज क्रमांक नाही, तक्रार नाही, नावही नाही. अशा वेळी बोटांवर जे पहिलं वाक्य येतं ते म्हणजे ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?’ या प्रकरणात नेमकं तेच वाक्य चुकीचं ठरलं असतं.

हे अभिवादन नाही, ही हाक आहे

कागदावर हॅलो म्हणजे नमस्कार. पण नमस्कार कुणी सोळा मिनिटांत चार वेळा करत नाही. पुन्हा पुन्हा येते ती हाक. दारातून ‘अहो’ म्हटलं आणि आतून ओ आली नाही, तर माणूस निरोप सांगायला सुरुवात करत नाही, पुन्हा ‘अहो’ म्हणतो. ओ आल्यावरच तो निरोपाकडे वळतो.

हॅलो हा शब्द टेलिफोनवर आला तोच मुळी या कामासाठी. १८७७ साली एडिसनने एका पत्रात सुचवलं होतं की टेलिफोनला वेगळी घंटा लागणारच नाही, कारण ‘हॅलो’ १० ते २० फुटांवरून ऐकू जातं. म्हणजे त्याच्या मनात हॅलो घंटेच्या जागी होता. (ग्रॅहम बेलला त्या जागी ‘अहोय’ हवा होता. तो टिकला असता तर आपल्याला ‘अहो’ म्हणायची आयतीच सोय झाली असती.)

टेलिफोनवरच्या संभाषणांची सुरुवात कशी होते, याचा बारकाईने अभ्यास इमॅन्युएल शेग्लॉफ या समाजशास्त्रज्ञाने केला. त्याचा लेख १९६८चा. पोलिसांकडे येणारे-जाणारे सुमारे ५०० फोन त्याने तपासले. फोन उचलणारा आधी बोलतो, हा नियम एक सोडून सगळ्या फोनना लागू पडला. त्या एका फोनमध्ये समोरच्याने फोन उचलला, पण तो गप्प राहिला. क्षणभर शांतता गेली आणि मग फोन करणाराच म्हणाला, ‘हॅलो’. शेग्लॉफने हा अपवाद बाजूला सारला नाही, उलट त्यावरून नियमच नव्याने मांडला. फोनची घंटा म्हणजे हाक, उचलणाऱ्याचं बोलणं म्हणजे ओ. ओ आली नाही म्हणून हाक मारणाऱ्याने पुन्हा हाक मारली, फक्त या वेळी घंटेऐवजी तोंडाने.

या मांडणीतल्या दोन गोष्टी आपल्या प्रकरणाला थेट लागतात. ओ मिळेपर्यंत हाक पुन्हा येत राहते आणि मिळाली की थांबते, ही पहिली. दुसरी अशी की ओ मिळाल्यावर बोलायची पाळी हाक मारणाऱ्यावर येते, हाक का मारली ते आता त्याने सांगायचं असतं. म्हणून पाचव्या मेसेजनंतरही मजकूर आलेला नाही यात आळस किंवा गबाळेपणा नाही. ओ मिळालेली नाही, त्यामुळे पाळी अजून त्याच्याकडे आलेलीच नाही.

पण ओ तर पाच वेळा गेली होती. मग ती चालली का नाही?

आपोआप जाणारं वाक्य माणूस नसतानाही जातं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. ‘ऐकतंय का कुणी?’ या शंकेवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. दुसऱ्यांदा अक्षरन् अक्षर तेच आलं की उलट परिणाम होतो. पहिल्या वेळी निदान ‘असेल कुणी’ अशी आशा होती, दुसऱ्या वेळी ‘हे मशीन आहे’ अशी खात्री पटते. ७:४४ नंतरचे हॅलो हे त्या मशीनच्या पलीकडे पोचण्याचे प्रयत्न आहेत.

वेळा आधी वाचायच्या

उत्तर लिहिण्याआधी अर्धा मिनिट वेळांकडे बघायला द्यावा. शब्दांपेक्षा त्या जास्त सांगतात.

मेसेजांमधली अंतरं २, ५, ९ आणि १ मिनिट अशी आहेत. ती सारखी नाहीत, आणि मजकूरही थोडाथोडा बदलत गेला आहे: आधी साधा हॅलो, मग दोन प्रश्नचिन्हं, मग लांबवलेला हॅलोऽ, शेवटी सरळ प्रश्न. हा माणसाचा हात आहे. तोच शब्द, त्याच स्पेलिंगने, मोजून ठरावीक अंतराने येत राहिला असता तर एखादी आपोआप चालणारी चाचणी किंवा स्पॅम असण्याची शक्यता आधी तपासावी लागली असती.

सगळे हॅलो एकाच मिनिटात आले असते तर आणखी वेगळा अर्थ निघाला असता. पाठवणाऱ्याचं नेटवर्क गेलेलं असतं, मेसेज त्याच्याच फोनमध्ये अडकून पडतात आणि रेंज आल्यावर एकदम सुटतात. तो अधीर आहे असं त्यावरून मानायचं कारण नाही. तिथे ‘सगळे मेसेज एकदमच पोचले’ एवढं सांगितलं की त्याला उलगडा होतो.

आपल्या प्रकरणात अंतर आधी वाढत गेलं. म्हणजे बहुधा तो फोन बाजूला ठेवून थोड्या थोड्या वेळाने परत येत होता. मग एकदम एकाच मिनिटात पुढचा मेसेज आला. म्हणजे आता फोन हातात आहे आणि नजर पडद्यावर आहे. ८:०१ला हे दिसतंय, तर उत्तर ८:०२ला जायला हवं. पंधरा मिनिटांनी दहापट चांगलं उत्तर लिहिलं तरी ते वाचायला तो तिथे असेलच असं नाही.

इथे पेटीचाही एक दोष डोकावतो. काही चॅटपेट्या रांग लावताना शेवटचा मेसेज केव्हा आला ते धरतात. त्या हिशेबाने या माणसाची थांबण्याची वेळ ८:०१ला २ मिनिटं दिसते, प्रत्यक्षात तो १९ मिनिटं थांबलेला आहे. दर हॅलोसरशी तो रांगेच्या शेवटी ढकलला गेला. जो जास्त हाका मारतो तोच जास्त थांबतो. म्हणून आपली पेटी रांग कशावर लावते ते सेटिंगमध्ये एकदा पाहून घ्यावं, आणि शक्य असेल तर ती ‘उत्तर न मिळालेला पहिला मेसेज’ यावर लावावी.

पहिलं उत्तर

कर्मचारीने ८:०२ला दोन मेसेज पाठवले:

८:०२ हो, आहे. मी अमुक, मदत-कक्षातून. तुमचे ७:४२पासूनचे पाचही मेसेज आत्ता वाचले. मधली उत्तरं आपोआप गेलेली होती.
८:०२ बोला, काय झालंय? तुटक लिहिलंत तरी चालेल. मी साडेआठपर्यंत इथेच आहे.

पहिला शब्द ‘हो’ आहे, कारण शेवटचा मेसेज ‘कोणी आहे का’ असा होता. ‘हो’ म्हटल्याबरोबर हे उत्तर त्याच प्रश्नाला बांधलं जातं. शिवाय फोनच्या बंद पडद्यावर मेसेजचे सुरुवातीचे काहीच शब्द दिसतात. तिथे ‘आमच्या मदत-कक्षात आपले स्वागत…’ असं दिसलं तर तो सहावं आपोआप उत्तर समजून उघडणारही नाही. ‘हो, आहे. मी अमुक’ एवढं दिसलं तर उघडेल.

मग ‘७:४२पासूनचे पाचही’. खरी ओ इथे आहे. समोर माणूस असल्याचा पुरावा द्यायचा तर जे आधी लिहून ठेवता येत नाही असं काहीतरी उत्तरात असायला हवं. त्याने किती मेसेज पाठवले, पहिला केव्हा आला, शेवटी काय विचारलं, यांतली एक गोष्ट पुरेशी आहे. ‘मी खरा माणूस आहे’ हे नुसतं वाक्य पुरावा ठरत नाही, ते कुणीही आधी लिहून ठेवू शकतं.

मधली उत्तरं आपोआप गेली होती ही कबुली पाच शब्दांत उरकली आहे. लांबलचक माफी टाळलेली बरी. ‘झालेल्या विलंबाबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हा मजकूर छापील वाटतो, म्हणजे परत मशीनचाच. माफी मागायचीच असेल तर ‘वीस मिनिटं ताटकळलात, सॉरी’ असं आकड्यासकट म्हणावं. त्यात वाचल्याचा पुरावाही आपसूक येतो.

दुसऱ्या मेसेजची सुरुवात ‘बोला’ने आहे. फोनवर आपण हे रोज करतो: ‘हॅलो… हां, बोला.’ एका शब्दात ऐकू आल्याचंही कळतं आणि पाळीही समोरच्याकडे जाते. मात्र चॅटमध्ये आधी काहीच नसताना नुसतं ‘बोला’ टाकलं तर ते तुटक, वैतागल्यासारखं वाचलं जातं, कारण आवाजातला मऊपणा तिथे नसतो. नाव आणि ‘वाचलं’ हे आधी गेलं की तोच शब्द आपुलकीचा होतो.

‘तुटक लिहिलंत तरी चालेल’ हे उगाच घातलेलं नाही. फोनवर मोठा मजकूर टाइप करणं कष्टाचं असतं आणि कुणी वाचणार नसेल तर ते कष्ट वाया जातात. म्हणून तर तो इतका वेळ फक्त एका शब्दावर भागवत होता. त्याचे कष्ट कमी केले तर तो पुढचं पाऊल टाकतो. ‘साडेआठपर्यंत इथेच आहे’ या वाक्याने दुसरी धास्ती जाते. एरवी, आपण टाइप करेपर्यंत ही बाई निघून जाईल आणि परत ‘धन्यवाद’ सुरू होईल, असं त्याला वाटलं असतं.

मेसेज एकऐवजी दोन का? पहिला काही सेकंदांत लिहून जातो आणि हाक थांबवतो. सगळं एकत्र लिहायला मिनिट लागलं तर तेवढ्यात पाचवा हॅलो येऊन पडतो. दोन ठीक. पाच तुकडे केले तर त्याच्या फोनवर नुसतीच टणटण होते आणि नेमकं कशाला उत्तर द्यायचं तेच कळेनासं होतं.

आता नाकारलेले दोन मसुदे. पहिला वर आलाच आहे: ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?’ वाक्य सभ्य आहे, पण त्यात या माणसाचं काहीच नाही, आधीच्या पाच उत्तरांच्या पंगतीत ते सहज खपून जातं. त्यावर परत ‘हॅलो’ आला तर नवल नाही. दुसरा मसुदा: ‘कृपया वारंवार हॅलो न पाठवता आपली समस्या स्पष्ट लिहावी.’ कामाच्या ठिकाणी सहकाऱ्यांनी नुसता हॅलो टाकून थांबू नये, थेट मुद्दा लिहावा, हा शिष्टाचार योग्यच आहे. पण तिथे समोर माणूस आहे हे दोघांनाही माहीत असतं. इथे तेच माहीत नाही. ज्याला वीस मिनिटं ओ मिळाली नाही त्याला हाका का मारल्या म्हणून दटावणं हा उलटा न्याय झाला.

तरीही हॅलो

पुढची नोंद:

८:०२ हॅलो
८:०३ खरंच आहे का कोणी
८:०४ हो, खरंच. हे आपोआप जाणारं उत्तर नाही. बोला.
८:०६ मॅडम फॉर्मचे पैसे कट झाले पण पावती नाही आली. आज लास्ट डेट आहे

उत्तर गेल्यावरही हॅलो आला की नवखा माणूस गडबडतो. इथे तो हॅलो ८:०२चाच आहे. दोघं एकाच वेळी टाइप करत होते आणि मेसेज वाटेत ओलांडले. त्याला वेगळं उत्तर द्यायची गरज नव्हती, म्हणून कर्मचारी मिनिटभर थांबली. ८:०३चा प्रश्न मात्र उत्तर वाचून विचारलेला आहे. पुरावा मिळाला, पण एकदा फसलेल्या माणसाला तो पुन्हा एकदा हवा आहे. त्यावर नवं काही जोडायचं नाही. ‘हो, खरंच’ एवढं म्हणायचं आणि पाळी पुन्हा त्याच्याकडे द्यायची. ८:०४ आणि ८:०६च्या मधली दोन मिनिटं त्याची आहेत. तो टाइप करतोय. तेवढ्यात ‘हॅलो? आहात का?’ असं आपणच विचारलं तर हाक-ओचा खेळ उलट्या बाजूने सुरू होतो.

८:०६च्या मेसेजची सुरुवात ‘मॅडम’ने झाली आहे. ओ पोचली हे इथे कळतं. आतापर्यंत तो एका खिडकीशी बोलत होता, आता कुणा व्यक्तीशी बोलतोय. असं संबोधन आलं, किंवा वाक्यं एकदम लांब झाली, की पहिल्या उत्तराचं काम झालं असं समजावं.

संबोधन येत नाही आणि तिसऱ्यांदाही नुसता हॅलोच येतो, असंही घडतं. तेव्हा आधी पाठवलेलं पोचलं का ते बघावं. व्हॉट्सॲपवर एकच टिक म्हणजे मेसेज आपल्याकडून गेला पण त्याच्या फोनवर उतरलेला नाही, दोन टिक म्हणजे उतरला. एकच टिक असेल तर तो आपलं उत्तर बघूच शकत नाहीये, त्यावर आणखी चार मेसेज रचून उपयोग नाही. दोन टिक असूनही हॅलो येत असेल तर लिहिणं किंवा वाचणं हीच त्याची अडचण असू शकते. मग उघडा प्रश्न सोडून एका अक्षराचं उत्तर मागावं: ‘अर्जाबद्दल असेल तर १ पाठवा, पैशांबद्दल असेल तर २. लिहायला जड जात असेल तर बोलून व्हॉइस मेसेज पाठवा, मी ऐकते.’ यालाही हॅलोच आला, तर फोन लहान मुलाच्या हातात असू शकतो, किंवा समोरच्याला बोलायचंय पण सांगता येत नाहीये असंही असू शकतं. दुसऱ्या शक्यतेसाठी एकदा साधेपणाने विचारावं, ‘तुम्ही ठीक आहात ना?’ आणि मग खिडकी उघडी ठेवून थांबावं.

हे सगळं संस्थेच्या मदत-पेटीबद्दल आहे. स्वतःच्या खासगी नंबरवर अनोळखी क्रमांकावरून नुसता हॅलो आला तर हिशेब बदलतो. तिथे ओ देणं म्हणजे हा नंबर चालू आहे आणि मागे माणूस आहे हे कळवणं. फसवणूक करणाऱ्यांना पहिल्या पायरीवर तेवढंच हवं असतं. तिथे गप्प राहिलेलं बरं.

ओ टिकवायची कशी

८:०७ समजलं. फी कापली गेली, पावती आली नाही आणि मुदत आजची आहे. सध्या पुन्हा पैसे भरू नका. अर्ज क्रमांक आणि पैसे कापल्याची अंदाजे वेळ पाठवा. ओटीपी, पिन किंवा कार्डचा नंबर मात्र मलाही पाठवू नका.
८:०८ (अर्ज क्रमांक) साडेसातच्या सुमारास
८:०९ मिळालं. आता मी पैशांच्या नोंदी बघते. ८:१५ला इथेच लिहीन, काही सापडलं नाही तरी.
८:१५ अजून नोंद दिसत नाहीये, शोधतेय. पुढचं ८:२२ला.
८:२१ सापडली. पैसे जमा झालेत आणि अर्जाला जोडले गेलेत. पावती तुमच्या अर्जाच्या पानावर दिसायला हवी. उघडून बघा आणि दिसली की सांगा.
८:२४ आली मॅडम. थँक्यू

मुदत आजची असल्याचं २४ मिनिटांनी कळलं. आठला कक्ष बंद करून हे हॅलो सकाळवर ढकलले असते तर त्यातली तातडी दिसलीच नसती. नुसत्या हॅलोवरून निकड कळत नाही, म्हणूनच ‘काही लिहिलेलंच नाही, म्हणजे महत्त्वाचं नसेल’ असा निष्कर्ष काढू नये.

८:०७ला त्याचं म्हणणं त्याला परत सांगितलं, कारण ओ एकदा देऊन भागत नाही. पैसे गेलेला, घाबरलेला माणूस प्रत्येक टप्प्यावर ‘ऐकलं का?’ हे तपासत असतो. ओटीपीची सूचनाही इथेच हवी. मघापर्यंत अनोळखी असलेल्या पेटीला आपले पैशांचे तपशील द्यावेत का, ही धास्ती त्याला असतेच, आणि ती रास्त आहे.

बहुतेक जण घसरतात ते ८:०९ला. ‘बघते’ लिहून नोंदी शोधायला दुसऱ्या पडद्यावर जायचं आणि काम झाल्यावरच परतायचं, ही सवय असते. शोधणाऱ्याला वेळ भराभर जातो, थांबणाऱ्याला तिकडे नुसती शांतता दिसते. मग ८:१३च्या सुमारास परत ‘हॅलो’ येतो. हा हॅलो पहिल्यासारखा नसतो. आधीचा ‘कोणी आहे का’ असं विचारत होता, हा ‘गेलात का’ असं विचारतो आणि त्याचं कारण आपणच असतो. यावर उपाय एकच: उठताना परतायची वेळ सांगायची, घड्याळातली. ‘थोड्या वेळात’ चालत नाही, कारण दोघांचा ‘थोडा वेळ’ कधीच सारखा नसतो. आणि ८:१५ म्हटलं तर हात रिकामे असले तरी ८:१५ला लिहायचं. या नोंदीत ८:१५चा मेसेज माहितीच्या दृष्टीने शून्य आहे, पण त्यामुळेच ८:०९ ते ८:२१ या बारा मिनिटांत एकही हॅलो आला नाही.

पाळी संपून दुसरी व्यक्ती बसणार असेल तर तेही सांगावं: ‘साडेआठनंतर इथे अमुक असतील, मी त्यांना सगळं सांगून जाते.’ एकाएकी वेगळं नाव दिसलं की माणूस पुन्हा पहिल्यापासून हाका मारू लागतो.

कुणीच नसताना

मुळात ८:०२पर्यंत पेटीपाशी कुणीच नसेल तर काय? आपोआप उत्तर काढून टाकावं असं नाही. पण ते एका संभाषणात एकदाच जावं, प्रत्येक मेसेजला नव्हे, आणि त्याने माणूस असल्याचा आव आणू नये. या पेटीसाठी असं चालेल:

‘हे आपोआप जाणारं उत्तर आहे. सध्या कुणी बसलेलं नाही, आठ वाजता माणूस येईल. तोवर अर्ज क्रमांक आणि अडचण इथे लिहून ठेवा, आल्याआल्या तेच आधी वाचू. आज मुदत संपत असेल तर “आज” असं लिहा.’

यात ‘लवकरच’ नाही, वेळ आहे. ती खरी असायला हवी. आठ म्हणून साडेआठला बसणार असू तर साडेआठच लिहावं. शेवटच्या वाक्यामुळे तातडीचे मेसेज शोधाच्या चौकटीत ‘आज’ टाकून वेगळे काढता येतात. असं उत्तर ७:४२लाच गेलं असतं, तर निदान त्याला किती थांबायचं ते कळलं असतं आणि कर्मचारीला ८:०१ला अर्ज क्रमांक समोर मिळाला असता.

हॅलो दुसऱ्या दिवशी दिसले तरी उत्तर द्यावंच, आणि त्यात काल किती वाजता हाक आली होती ते असावं. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक प्रणालीवर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासच मोकळेपणाने लिहिता येतं, त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेला साचा पाठवता येतो. म्हणजे ७:५९चा ‘कोणी आहे का’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ७:५९पर्यंतच आपल्या शब्दांत उत्तर देण्याजोगा राहतो. त्यानंतर जाईल तो साचा, आणि साच्याने हाक थांबत नाही हे वर दिसलंच आहे.

महिनाअखेरीच्या तक्त्यात हे प्रकरण कसं दिसेल? पेटीची मोजणी आपोआप उत्तरालाच पहिलं उत्तर धरत असेल तर ‘पहिल्या प्रतिसादाला लागलेला वेळ’ या रकान्यात ० मिनिटं अशी नोंद होईल. खरा आकडा २० मिनिटं आहे, ७:४२ ते ८:०२. त्या मोजणीतून आपोआप जाणारी उत्तरं वगळायचा पर्याय सेटिंगमध्ये असेल तर तो आधी चालू करावा. नसेल तर आठवड्यातून एकदा फक्त ‘हॅलो’ शोधून, लागोपाठ दोनपेक्षा जास्त सापडतात ती संभाषणं हाताने मोजावीत.